माझी भाऊ आणि इतर नातेवाईक

सत्तरनंतरच्या त्या काही वर्षांत सरकारने एक गोष्ट मनावर घेतली होती. राज्याच्या नोकरीत जो आहे त्याला मराठी आलंच पाहिजे. ज्यांची मातृभाषा मराठी नाही त्यांच्यासाठी एक परीक्षा होती, लेखी आणि तोंडी. ती पास होईपर्यंत माणूस नोकरीत कायम होत नसे. ज्यांची मातृभाषा मराठी होती त्यांना परीक्षा नव्हती. असती तर सोलापुरातली निम्मी कचेरी तात्पुरती राहिली असती.

या उमेदवारांसाठी सात रस्त्याजवळच्या एका शाळेत संध्याकाळचा वर्ग चाले. मी त्या शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून तो वर्ग माझ्याकडे आला. मला कोणी विचारलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी सुचवलं होतं, आणि मुख्याध्यापकांच्या सुचवण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

वर्ग तिसरीच्या खोलीत भरे. बाकं तिसरीतल्या मुलांच्या मापाची. सरकारी नोकर त्यात गुडघे छातीशी घेऊन बसत आणि 'कावळा झाडावर बसतो' असं मोठ्याने वाचत. उन्हाळ्यात तिथला पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देई, त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती. लांबून ऐकणाऱ्याला वाटे, आत भांडण चाललंय.

त्यातले दोघं माझ्या चांगले लक्षात राहिले. एक पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर, कानपूरकडचा. हिंदी येतं म्हणजे मराठी जवळजवळ आलंच, अशी त्याची पक्की समजूत होती. दुसऱ्या, सरकारी इस्पितळातल्या एक नर्स. मूळच्या केरळच्या, वय तिशीच्या आसपास. वर्गात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मीही सिस्टरच म्हणे.

सिस्टरना मराठी येत होतं, आणि चांगलं धडाधड येत होतं. मात्र ते शाळेत नव्हे, वॉर्डात शिकलेलं होतं. मंगळवेढा, अक्कलकोट, मोहोळ इकडून आलेल्या पेशंटांनी त्यांना ते शिकवलं होतं. "मावशी, तोंड उघडा की. लई तिखट खाल्लं ना? व्हय म्हणा, रागावणार न्हाय मी." हे वाक्य त्या इतक्या सहज बोलत की डोळे मिटून ऐकलं तर ही बाई बार्शीच्या बाजारात वाढली असं वाटावं. अडचण एकच होती, आणि ती पहिल्याच दिवशी कळली.

मी सगळ्यांना आपापल्या घराबद्दल बोलायला सांगितलं. सिस्टर उठल्या.

"माझी गाव केरळात आहे. माझी भाऊ तिथे दुकान चालवतो. माझी वडील शेती करत होते. माझी घर नदीजवळ आहे."

"माझा भाऊ," मी म्हणालो.

"तुमचा पण?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमचाच. पण 'माझा भाऊ' म्हणायचं."

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. पुढच्याच वाक्यात, "माझी भाऊला दोन मुलगे आहेत."

असं दोन आठवडे चाललं. मी दुरुस्त करायचो, त्या तेवढ्यापुरतं दुरुस्त म्हणायच्या आणि वळून पाहतो तर भाऊ पुन्हा स्त्रीलिंगी झालेला. ओव्हरसियर मागच्या बाकावरून मदत करी.

"बहनजी, सीधी बात आहे. भाऊ पुरुष आहे, तर 'माझा'. हिंदीत पण असंच. मेरा भाई, मेरी बहन. माझा घर कानपूरला आहे, तिथे..."

"माझं घर," मी म्हणालो.

"का? घर पुरुष आहे."

"कानपुरात असेल. इथे ते पुरुषही नाही आणि बाईही नाही."

हे त्याला भाषेच्याच नव्हे तर सभ्यतेच्याही विरुद्ध वाटलं. वर्ग सुटेपर्यंत तो घुश्शात होता.

एक दिवस वर्ग संपल्यावर सिस्टर थांबल्या. त्यांनी सांगितलं ते एवढंच. लेखी परीक्षा त्या दोनदा पास झाल्या होत्या, तोंडीत दोनदा नापास. आता इस्पितळात पत्र आलं होतं. या वेळी पास झाल्या नाहीत तर नोकरी संपणार.

"मेट्रन म्हणाली, आता माझ्या हातात काही नाही. ह्या वेळी नाही झालं तर मला घरी जावं लागेल, सर. माझी सामान बांधावी लागेल."

मी हे वाक्यही दुरुस्त करणार होतो. सवय वाईट असते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि वेगळंच विचारलं.

"तुम्ही प्रत्येक ठिकाणी 'माझी' का म्हणता, सिस्टर?"

"मी बाई आहे ना."

"त्याचा काय संबंध?"

"मी जातो म्हटलं की सगळे हसतात. मी जाते म्हणायचं, मी बाई. मी खातो नाही, मी खाते. आमच्या भाषेत असलं काही नसतं, सर. तिथे जाणारा बाप्या असो की बाई, क्रियापद एकच. 'माझा'ला पण एकच शब्द, 'एन्टे'. भाऊ असो, बहीण असो, घर असो, एन्टे. मराठीत आल्यावर कळलं, बाईने बाईसारखं बोलायचं. मग मी सगळं बाईसारखं केलं. आणि पुस्तकात पण तसं लिहिलंय."

"कुठल्या पुस्तकात?"

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि माझ्या सगळं लक्षात आलं.

ते पुस्तक सोलापुरातला प्रत्येक परप्रांतीय सरकारी नोकर बाळगून असे. मराठीच्या परीक्षेसाठी लिहिलेलं मार्गदर्शक. लेखक गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक. मुखपृष्ठावर पुस्तकाच्या नावापेक्षा त्यांच्या पदव्या मोठ्या अक्षरात होत्या, आणि आत त्यांचा शाल पांघरलेला फोटो. गावात सगळे त्यांना साहेब म्हणत. हेच गृहस्थ तोंडी परीक्षेचे परीक्षक असत. त्यामुळे पुस्तक फार खपत असे. त्यात 'माझे घर' नावाचा एक तयार निबंध होता. उमेदवार तो पाठ करत, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवत, आणि परीक्षक आपलीच वाक्यं ऐकून प्रसन्न होत. अशी ती व्यवस्था होती. कोणाचं नुकसान नव्हतं, मराठी सोडून.

निबंध एका पुरुषाने सांगितलेला होता. 'मी सोलापुरात राहतो. माझे घर लहान पण सुबक आहे. माझा भाऊ मला फार आवडतो.' आणि खाली बारीक अक्षरात टीप होती : 'स्त्री-उमेदवारांनी योग्य तेथे स्त्रीलिंगी रूपे योजावीत.'

सिस्टरनी योजली होती. पेन्सिल घेऊन निबंधभर फिरून त्यांनी 'राहतो'चं 'राहते' केलं होतं, ते बरोबर होतं. त्याच पेन्सिलीने 'माझे घर'चं 'माझी घर', 'माझा भाऊ'चं 'माझी भाऊ' आणि 'माझे वडील'चं 'माझी वडील' केलं होतं. पूर्ण निबंधात एकटी 'माझी आई' तेवढी हात न लागता सुटली होती. आज्ञाधारक माणसाचं असं होतं.

थोडक्यात, साहेबांच्या टिपेने त्यांना चुकवलं होतं आणि साहेबांनीच त्यांना दोनदा नापास केलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. टीप जरा बदलता आली तर पाहावं, म्हटलं. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. ते स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणत.

"आम्ही 'योग्य तेथे' असे शब्द घातले आहेत," ते म्हणाले. "ते उगाच घातलेले नाहीत."

"हो, पण योग्य कुठे ते उमेदवाराला कसं कळणार?"

"ज्याला भाषा येते त्याला कळते."

"ज्याला भाषा येते तो तुमचं पुस्तक कशाला घेईल?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या नोकरीला किती वर्षं झाली?"

मी वर्षं सांगितली. त्यांनी ती फारच कमी असल्यासारखी मान हलवली. मग चहा आला. चहा चांगला होता. टीप तशीच राहिली.

घरी येताना वाटलं, नियम एका ओळीत सांगता येतो. 'माझा'चं शेवटचं अक्षर वस्तूकडे पाहून ठरतं, मालकाकडे पाहून नाही. मी तो सिस्टरना किमान वीस वेळा तरी सांगितला असेल. त्या मान हलवत, वहीत लिहून घेत, आणि बोलायला उभ्या राहिल्या की पुन्हा मालकाकडे पाहत. नियम डोक्यात जात होता, जिभेवर उतरत नव्हता. बाई म्हणून बाईसारखं बोलायची त्यांना इतकी चाड होती की भावाला 'माझा' म्हणणं त्यांना पुरुषी वाटे.

परीक्षा जवळ आली तेव्हाची गोष्ट. सिस्टर उशिरा वर्गात आल्या, ड्यूटीवरून थेट, अजून पांढऱ्या कपड्यात, आणि चिडलेल्या. बाकावर बसता बसताच सुरू झाल्या.

"काय माणसं असतात, सर. अक्कलकोटकडून एक शेतकरी आला, बायकोच्या पोटात दुखतंय म्हणून. बायकोला बायकांच्या वॉर्डात पाठवलं तर हा पुरुषांच्या वॉर्डाच्या दारात बसला. म्हणतो, मी आणलंय, तर मी आहे तिथं तिला ठेवा. मी सांगितलं, बाई आहे, ती बायकांच्या वॉर्डात जाणार. तर म्हणतो, 'शिस्टरबाई, बायकू माजी हाय, मंग माज्याजवळच ऱ्हाऊ द्या की.'"

ओव्हरसियर हसला. "बरोबर बोलला. बायको त्याची."

"त्याची असू दे. मी सांगितलं त्याला, आणलं कोणी ते मी बघत नाही, पेशंट कोण ते बघते. खाट पेशंटप्रमाणे मिळते."

मी खडू खाली ठेवला.

"सिस्टर, हे शेवटचं परत सांगा."

"खाट पेशंटप्रमाणे मिळते."

"आणि तो शेतकरी काय म्हणाला? नेमकं सांगा."

"बायकू माजी हाय."

"माजी?"

"हां, तसंच बोलतात ते. माझी."

"तो पुरुष होता?"

"एवढ्या मोठ्या मिशा होत्या."

"मग एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस 'माजी' कसं म्हणाला?"

पंखा तेवढा बोलत होता. सिस्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. मला आठवतंय, त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. मनातल्या मनात त्या शेतकऱ्याला पुन्हा बोलायला लावत होत्या.

"बायको बाई आहे," त्या हळू म्हणाल्या. "म्हणून माझी. तो कोण, ते बघत नाही."

"आणि तुमचा भाऊ?"

"पुरुषांच्या वॉर्डात." मग हसल्या. "माझा भाऊ. मी आणला तरी."

त्या दिवसापासून आमच्या वर्गाचं इस्पितळ झालं. प्रत्येक वस्तूला खाट मिळाली. पंखा, डबा, पलंग पुरुषांच्या वॉर्डात, म्हणून माझा. खुर्ची, चादर, सुई, बाटली बायकांच्या, म्हणून माझी. घर, औषध, कपाट, टेबल, सामान मुलांच्या वॉर्डात. तिथे मुलगा आणि मुलगी वेगळे ठेवत नाहीत, सगळी मुलं एकत्र. म्हणून माझं. मालक बाई असो, बाप्या असो, ओव्हरसियर असो.

ओव्हरसियरला मुलांचा वॉर्ड मंजूर नव्हता. "हमारे यहाँ दोनच वॉर्ड आहेत," तो म्हणे.

"म्हणून गर्दी होते," सिस्टर म्हणाल्या.

वडिलांचा प्रश्न आला. पुरुष आहेत, मग 'माझा वडील' का नाही?

"इस्पितळात मोठा माणूस आला तर कुठे ठेवता?" मी विचारलं.

"स्पेशल रूममध्ये. एकटा असला तरी दहा जण आल्यासारखं करावं लागतं."

"वडील स्पेशल रूममध्ये. एकटे असले तरी अनेकांसारखं. माझे वडील आले."

"आणि तिचा, त्याचा?" ओव्हरसियरने विचारलं. "तिथे तर मालक दिसतो. तिचा भाऊ म्हणजे बाईचा भाऊ, त्याचा भाऊ म्हणजे पुरुषाचा."

प्रश्न चांगला होता, आणि त्याने तो मला अडकवायला विचारला होता, त्यामुळे आणखी चांगला होता.

उत्तर सिस्टरनी दिलं. "केसपेपरवर वर लिहितात, कोणी आणलं. 'ति' म्हणजे बाईने आणलं. 'त्या' म्हणजे पुरुषाने. पण खाट खाली असते. 'चा', 'ची', 'चं'. ती पेशंटची." मग मला विचारलं, "असंच ना, सर?"

असंच होतं. मी इतकी वर्षं हेच षष्ठीचे प्रत्यय म्हणून शिकवत होतो आणि मुलं तेवढ्याच वर्षांपासून झोपत होती.

एक गोष्ट उरली होती. 'माझी भाऊला' अजून अधूनमधून निसटत असे. मी सांगितलं, शब्दाला ला, ने, त, वर असलं काही चिकटलं की तो ऑपरेशनला निघाला असं समजा. तिथे काय घालतात?

"हिरवा झगा. सगळ्यांना एकच."

"तसं इथे 'माझ्या'. माझ्या भावाला, माझ्या खुर्चीवर, माझ्या घरात. तिन्ही वॉर्डांतले पेशंट, एकच झगा. आणि 'भाऊ'सुद्धा आत जाताना स्वतःचे कपडे बदलतो, 'भावा' होतो."

हा झगा त्यांना फार आवडला. वॉर्ड विसरला तरी झगा विसरत नाही, म्हणाल्या. पण कोणती वस्तू कुठल्या वॉर्डात हे आधी कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ओळखता येत नाही. मराठी माणसालाही ओळखता येत नाही. त्याला ते लहानपणापासून ठाऊक असतं, म्हणून तो जाणकार वाटतो.

तोंडी परीक्षा कलेक्टर कचेरीच्या एका खोलीत होती. मधल्या खुर्चीवर एक तरुण प्रांतसाहेब, कारण सरकारी समितीला अध्यक्ष लागतो. त्यांच्या शेजारी आमचे साहेब, कोट घालून, त्या उकाड्यात. मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. उमेदवार तोच आहे ना, एवढं सांगायचं. त्यापलीकडे तोंड उघडायचं नाही, असं साहेबांनी मला दोनदा सांगितलं.

आधी इतर उमेदवार गेले. 'आपल्या घराविषयी सांगा,' साहेब म्हणत, आणि उमेदवार 'माझे घर' म्हणायला लागे. साहेबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत. त्या दिवशी भारताच्या चार कोपऱ्यांतल्या घरांना एकसारखं अंगण होतं आणि अंगणात एकच तुळस. ओव्हरसियरच्या कानपूरच्या घरासमोरूनही सिद्धेश्वराचं तळं दिसत होतं, कारण पुस्तकात ते दिसत असे. प्रांतसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. ओव्हरसियर पास झाला.

मग सिस्टर आल्या.

"आपल्या घराविषयी सांगा," साहेब म्हणाले आणि डोळे मिटून ऐकायला बसले.

"माझं घर केरळात आहे. नदीजवळ. पावसाळ्यात माझ्या घरात पाणी येतं, मग माझा भाऊ सगळं सामान माळ्यावर टाकतो."

साहेबांनी डोळे उघडले. पुस्तकातल्या घरात पाणी येत नसे.

"आपण पुस्तक वाचलेले दिसत नाही."

"लई वाचलंय, सर."

"लई?" साहेबांना तो शब्द लागला. "बरं. आपल्या भावाचे लग्न झाले आहे का?"

"व्हय, सर. माझ्या भावाची बायको शिक्षिका आहे."

"आणि तिचा नवरा?"

हा सापळा होता. साहेब अशा सापळ्यांबद्दल प्रसिद्ध होते. मी दाराजवळ खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

"तिचा नवरा म्हणजे माझा भाऊच की, सर."

प्रांतसाहेबांनी खिडकीकडून मान वळवली.

साहेबांनी कागद चाळले. "मागील खेपेस आपण 'माझी भाऊ' म्हणाला होतात. दोन्ही खेपेस. आम्हाला चांगले स्मरते."

"व्हय, सर."

"ते का?"

मी सिस्टरना बजावून ठेवलं होतं, पुस्तकाचं नाव काढायचं नाही. पण खरं विचारलं की खरं सांगायचं, ही वॉर्डातली सवय. त्यांनी पिशवीत हात घातला. पुस्तक काढलं, पान उघडलं, आणि टिपेवर बोट ठेवून टेबलावर ठेवलं.

"हे वाचून, सर."

साहेबांनी ते घेतलं नाही. प्रांतसाहेबांनी घेतलं. आधी टीप वाचली, मग पेन्सिलीने बदललेला निबंध. खालून वर, वरून खाली. मध्ये एकदा त्यांना खोकला आला. तो खोकला नव्हता, पण प्रांतसाहेब तरुण होते आणि साहेब वयाने मोठे.

"'योग्य तेथे' असे आम्ही लिहिले आहे," साहेब म्हणाले.

"हो, लिहिलंय. योग्य कुठे, ते मात्र पुढच्या पानावर पण दिसत नाही," प्रांतसाहेब म्हणाले. मग सिस्टरना विचारलं, "आता बरोबर कसं आलं?"

सिस्टरनी सांगितलं. तिन्ही वॉर्ड, केसपेपर, स्पेशल रूम, हिरवा झगा. आपण परीक्षेत आहोत हे त्या विसरल्या होत्या. नव्या नर्सला वॉर्ड दाखवावा तसं सांगत होत्या. प्रांतसाहेबांनी टेबलावरची एकेक वस्तू उचलून विचारायला सुरुवात केली. पेन? माझं. दौत? माझी. कागद? माझा. साहेबांचा चष्मा?

"साहेबांचा," सिस्टर म्हणाल्या. "साहेब स्पेशल रूममध्ये, चष्मा पुरुषांच्या वॉर्डात."

मी खाली पाहिलं. कलेक्टर कचेरीची फरशी त्या दिवशी मी फार बारकाईने पाहिली.

साहेबांनी शेवटचा बाण काढला. "आपल्या मताने मूल मुलांच्या वॉर्डात. म्हणजे 'माझे मूल'. मग अनेक मुले असली की 'माझी मुले' का म्हणतात? तिथे ही 'ई' कोठून आली?"

प्रश्न साहेबांना शोभेसा होता. उत्तर मलाही नीट देता येत नव्हतं. वर्गात हाच प्रश्न आला तेव्हा मी घाम पुसला होता.

"माहीत नाही, सर," सिस्टर म्हणाल्या. "आमचे सर म्हणाले, ह्याला कारण विचारू नका, पाठ करा. एक मूल माझं, खूप मुलं माझी. पण हे मी आधीपासून बरोबर म्हणत होते. मी सगळ्यालाच 'माझी' म्हणत होते ना."

या वेळी प्रांतसाहेबांनी खोकल्याचं सोंग केलं नाही.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. सिस्टर बाहेर गेल्या, आणि मी निघालो तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठलं. "सर, पुस्तक काढायला नको होतं ना?" मी म्हटलं, नको होतं. खोटं कशाला सांगू. त्या एवढंच म्हणाल्या, "सामानाला पेटी घेऊन ठेवते मग," आणि ड्यूटीवर गेल्या. निकाल येईपर्यंत त्यांनी वर्गात घराचं नाव काढलं नाही. केरळला पत्रही लिहिलं नाही.

साहेबांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली त्यात ती टीप नव्हती. तिच्या जागी 'षष्ठीचा रुग्णालय-न्याय' नावाचं एक नवं प्रकरण होतं, आणि प्रस्तावनेत म्हटलं होतं की ही उपपत्ती लेखकाला दीर्घ चिंतनातून सुचली. ते चिंतन झालं तेव्हा मीही त्या खोलीत होतो, पण बोलायची परवानगी नव्हती. मात्र ही सगळी पुढची गोष्ट.

निकाल आला त्या दिवशी सिस्टर वर्गात लवकर आल्या होत्या. ओव्हरसियर अजून यायचा होता. त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. स्वतः उघडलं नव्हतं.

मी उघडलं. पास होत्या. आणि खाली, शेऱ्याच्या जागी, साहेबांच्या वळणदार अक्षरात एक ओळ : 'बोलण्यात ग्रामीणपणा आहे. तो टाळावा.'

सिस्टरनी 'पास' हा शब्द बोटाने दोनदा चाचपला. जुन्या बाकावर बसल्या, गुडघे छातीशी घेऊन. मग शेऱ्यावर बोट ठेवलं.

"हे ग्रामीणपणा म्हणजे काय, सर?"

"खेड्यातल्यासारखं बोलणं. व्हय, लई, तसलं."

"पेशंट सगळे तसंच बोलतात."

"हो."

"आता मी इथेच राहणार ना? कायम?"

"कायम."

त्या विचार करत होत्या. मग विचारलं, "ग्रामीणपणा कुठल्या वॉर्डात?"

"पुरुषांच्या."

"म्हणजे माझा ग्रामीणपणा."

"बरोबर."

"व्हय," सिस्टर म्हणाल्या, आणि पाकीट पिशवीत टाकलं.